एअर फ्रायरमध्ये केक वरून कोळसा, आतून कच्चा! रविवारच्या आत मदत हवी आहे

संत्रानगरी
दोन दिवसात दोन केक कचऱ्यात गेले. लेकाचा वाढदिवस रविवारी आहे, त्याला संत्र्याचाच केक पाहिजे आणि नवऱ्याने हौसेने एअर फ्रायर आणून दिलाय म्हणून मी त्यातच करून राहिली. वरून एकदम काळा, सुरी घातली तर आत पीठ. दुसऱ्या वेळी वर फॉइल टाकली तर ती उडून कॉइलला चिकटली, जळका वास घरभर. कोणीतरी सांगा काय चुकतंय, लवकर.

भट्टीवाली_प्रतापनगर
किती लिटरचा आहे, टीन केवढा, तापमान किती ठेवलं आणि किती वेळ? एवढं सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

अमित_खामला
फ्रायर विकून ओटीजी घ्या, विषय संपला. एअर फ्रायर फक्त फ्रेंच फ्राइजसाठी असतो.

संत्रानगरी
@अमित तुम्ही पैसे देता का ओटीजीचे? @भट्टीवाली नेहमीचंच हो, १८० वर ३५ मिनिटं, रेसिपीत लिहिलं होतं तसंच.

भट्टीवाली_प्रतापनगर
रेसिपी ओव्हनची होती ना? तिथेच घोळ आहे. ओटीजीत केक मधल्या जाळीवर असतो, वरची कॉइल बऱ्यापैकी लांब. आपल्या या टोपलीवाल्या फ्रायरमध्ये कॉइल बरोब्बर डोक्यावर आणि तिच्या मागून पंखा गरम हवा खाली ढकलतो. म्हणजे वरची कड दहा मिनिटांत पक्की होते, आतलं पीठ मात्र तसंच पडून असतं. १८० ची रेसिपी असेल तर १५०-१६० वर आणायची आणि वेळ वाढवायचा. पण टीन? टीन सांगा आधी. उंची पण.

कुंदाताई_धरमपेठ
अगं एवढं काहून करतेस, कुकरमध्ये मीठ टाकून करायचा, शिट्टी आणि रिंग काढून. आम्ही पंचवीस वर्षं तसाच केला, कधी वरून जळला नाही. मीठ पण तेच तेच वापरायचं, मी अजून वापरते.

भट्टीवाली_प्रतापनगर
ताई, कुकरमध्ये आच खालून असते, तिथे तळ जळतो. इथे प्रश्न वरच्या बाजूचा आहे.

कुंदाताई_धरमपेठ
जळला असेल तुझा. माझा नाही जळला.

संत्रानगरी
४.२ लिटरचा आहे. टीन सहा इंचाचा, चार इंच उंच, उंच घेतला म्हणजे सांडणार नाही. पाऊण भरला होता. मैदा दीड कप, कंडेन्स्ड मिल्कचा पूर्ण डबा, अर्धा कप संत्र्याचा रस, लोणी, सोडा.

भट्टीवाली_प्रतापनगर
आता कळलं. ही रेसिपी आठ इंचाच्या टीनची असते. आठ इंचाच्या गोल टीनचा तळ सहा इंचाच्या जवळपास पावणेदोन पट असतो, म्हणजे तुम्ही जवळपास दुप्पट पीठ छोट्या टीनमध्ये कोंबलं. जाडी वाढली की मध्य शिजायला तेवढाच जास्त वेळ. त्यात चार इंच उंच टीन, तो पाऊण भरला आणि फुगला की केकचं टोक थेट कॉइलच्या तोंडाशी. वर कंडेन्स्ड मिल्क, त्यातली साखर आणि दूध लवकर काळं पडतं. सगळं निम्मं करा, पाऊण कप मैदा आणि अर्धा डबा. टीन दोन-अडीच इंच उंच, अर्धाच भरा, आणि टोपलीच्या भिंतीपासून चारही बाजूंनी बोटभर जागा सोडा, नाहीतर हवा खाली जातच नाही आणि तळ कच्चा राहतो.

जय_विदर्भ_०७
फॉइल सुरुवातीपासूनच घट्ट लावा, मी तसंच करतो, जळत नाही.

भट्टीवाली_प्रतापनगर
जळत नाही हे खरं, पण घट्ट लावली तर आतली वाफ अडकते, वरचा भाग फिका आणि चिकट होतो, फॉइल काढताना साल सोलून निघते. मी पहिली पंधरा-अठरा मिनिटं उघडा ठेवते. कड जरा बसली, हलका सोनेरी रंग आला की मग टाकायची. फुगलेल्या केकला टेकू नये म्हणून झोपडीसारखी वर उचललेली आणि कडा टीनच्या काठाखाली दुमडलेल्या. नुसती वर ठेवली तर पंखा उडवणारच, ती तुमची दुसरी वेळ. रिकाम्या फ्रायरमध्ये फॉइल किंवा बेकिंग पेपर टाकून प्रीहीट तर कधीच करू नका, वजन नसलं की ते वर जातं.

जय_विदर्भ_०७
अठराव्या मिनिटाला ड्रॉवर उघडला तर केक बसत नाही का? माझा दोनदा बसला.

भट्टीवाली_प्रतापनगर
किती मिनिटांनी उघडला होता?

जय_विदर्भ_०७
आठ-दहा असेल. फुगला का पाहायला.

भट्टीवाली_प्रतापनगर
मग बसणारच ना! मध्य डळमळत असेल तोवर हात लावायचा नाही.

डॉक्टर_नाही_पण
संत्र्याचं आंबट आणि अॅल्युमिनियम फॉइल एकत्र चालत नाही, माहीत आहे ना? रोजचं विष आहे.

संत्रानगरी
अहो वर्षातून एकदा वाढदिवस आहे, आणि फॉइल केकला टेकत नाहीये. मला केक वाचवू द्या.

डॉक्टर_नाही_पण
सांगणं माझं काम.

मीनल_बुलडी
विषय निघालाच आहे तर कुकीज कशा करता यात? माझ्या कडेला काळ्या, मध्ये कच्च्या, आणि एकदा तर बेकिंग पेपर गुंडाळून दोन कुकीज एकमेकांवर चढल्या.

भट्टीवाली_प्रतापनगर
कणीक अर्धा तास फ्रिजमध्ये, मग सपाट दाबून सारख्या जाडीच्या, १५० वर आठ-नऊ मिनिटं. पेपर कुकीजच्या बुडाएवढाच कापायचा, बाहेर आला की उडतो. आणि मऊ असतानाच काढा, थंड झाल्यावर कडक होतात. कडक व्हायची वाट पाहिलीत तर तेवढ्यात जळतात. एका वेळी चार-पाचच, हे मात्र कंटाळवाणं आहे.

अमित_खामला
म्हणून सांगतो ओटीजी घ्या.

संत्रानगरी
केला बरं का! निम्मं प्रमाण, सहा इंचाचा दोन इंच उंच टीन गोकुळपेठेतून आणला. १५० वर तीन मिनिटं रिकामा गरम केला, मग टीन आत. सतरा मिनिटांनी पाहिला तर वरती चहाच्या रंगाची कड आली होती, फॉइल दुमडून लावली. बत्तीस मिनिटांनी सुरी ओली निघाली, अजून पाच मिनिटं, मग कोरडी आली. काळा अजिबात नाही. पण एका बाजूला उंच आणि एका बाजूला खाली झालाय, आणि मधोमध चीर पडली.

भट्टीवाली_प्रतापनगर
एका बाजूला चढतो तो बहुतेक हवेच्या झोताने, फॉइल लावायला उघडता तेव्हाच टीन अर्धा फिरवून पाहा. चीर पडली म्हणजे अजून थोडी आच जास्त आहे असं मला वाटतं, १४० वर पाहा, वेळ जरा वाढेल. मशीनचे आकडे आणि आतली खरी आच जुळतेच असं नाही, माझा स्वतःचा दहा डिग्री गरम चालतो.

जय_विदर्भ_०७
प्रीहीट न करता केला तर चीर पडत नाही, माझा अनुभव.

भट्टीवाली_प्रतापनगर
थंड फ्रायरमध्ये ठेवला तर सोड्याची फुगण्याची ताकद गरम होईपर्यंतच खर्च होते, दडस निघतो.

जय_विदर्भ_०७
माझा नाही निघत.

संत्रानगरी
तुम्ही दोघं नंतर भांडा हो. चीर क्रीमखाली लपवेन, रविवारी १४० वर करून कळवते.

कुंदाताई_धरमपेठ
क्रीममध्ये संत्र्याची साल किसून घाल, पांढरा भाग सोडून, नाहीतर कडू लागेल. आणि साबुदाणा वडा कोणी केलाय का यात? माझा सुटून गेला.