प्रतिसाद: नीलमच्या भावातली तफावत

> दोन्ही सिलोनी, दोन्ही ५ रत्तीचे, मग भावात दहापट फरक कसा?

रंग आणि खडा भट्टीत तापवलाय का, दोन्ही पाहा. जर्द, भरलेला पण काळवंडत नसलेला निळा सर्वांत महाग. फिका स्वस्त आणि दिव्याखाली काळा पडणारा गडदही स्वस्त. 'जितका गडद तितका भारी' हा गैरसमजच. खडा दिवसाउजेडी पांढऱ्या कागदावर ठेवून वरून बघा. मधोमध फिकी खिडकी दिसली, तर पैलू उथळ आहेत.

मोठी चूक सर्टिफिकेट वाचण्यात होते. 'नॅचरल' म्हणजे खाणीतला. तापवलेला नाही असं नव्हे. त्यासाठी 'तापवल्याच्या खुणा नाहीत' ही वेगळी ओळ लागते, आणि चांगल्या रंगात तीच भाव चढवते. कोबाल्ट काच भरलेला खडा तर दागिना दुरुस्त करताना सोनाराच्या तेजाबातच खराब होतो.