विषय: ‘हेल्थकेअरचा ३ वर्षांचा अनुभव आवश्यक’ – लॉजिस्टिक्सवाल्याने अर्ज करावा का?

समीर:
नमस्कार मंडळी,
मी बरीच वर्षं मालवाहतूक कंपनीत ईडीआय, म्हणजे कंपन्यांमधल्या ऑर्डरी-बिलांची ठरलेल्या साच्यातली संगणकी देवाणघेवाण, सांभाळतोय. ऑर्डरची ८५०, माल निघाल्याची ८५६, भाड्याच्या बिलाची २१० अशा फायली रोज हाताखालून जातात. अमेरिकेतल्या आरोग्य विम्याचे क्लेम हाताळणाऱ्या एका कंपनीत ईडीआय अ‍ॅनालिस्टची जागा निघाली आहे. काम ओळखीचं वाटतंय, पण अनुभवाची अट वर लिहिली तशी. अर्ज करू की नाद सोडू?

ओंकार:
समीरदादा, बिनधास्त कर. क्लेमची ८३७ आणि पैशांच्या हिशोबाची ८३५, दोन्ही तू वापरतोस त्याच एक्स-१२ साच्यातल्या. ISA, GS, ST, फायलीचा सांगाडा सगळा तोच. पोचपावती ९९७ ऐवजी ९९९ येते, एवढंच. बाकीचं डोमेन दोन आठवड्यांत शिकता येतं.

मोहनकाका:
मी बँकेत मनी लाँडरिंग प्रतिबंधाचं काम बघतो. आमच्याकडे विमा क्षेत्रातून आलेला एक मुलगा संशयास्पद व्यवहार चटकन हेरायचा, पण कुठला व्यवहार वर कळवायचा हे ठरवताना अडायचा. समीर, तू आधी एखादं सर्टिफिकेट कर.

वैशाली:
काका, समीरचा प्रश्न सर्टिफिकेटचा नाही, आत्ता समोर असलेल्या जाहिरातीचा आहे. आणि ओंकार, सांगाडा एकच आहे हे तुझं बरोबर, पण दोन आठवड्यांचं मला पटत नाही. मी क्लेमच्या टीमसाठी माणसं घेते. मुलाखतीत मी ८३५ मधल्या अशा तीन ओळी पुढे ठेवते:

```
CLP*A101*1*1000*560*140*12*X987~
CAS*CO*45*300~
CAS*PR*2*140~
```

रुग्णालयाने १००० मागितले, विमा कंपनीने ५६० दिले, ३०० आणि १४० वजा झाले. बेरीज जुळते. समीर, तुमच्याकडे ग्राहकाने बिलाचे पैसे कमी दिले की वाद नोंदवून पाठपुरावा होतो. त्या सवयीने बरेच जण इथेही ४४० थकबाकी धरतात. पण CO 45 म्हणजे करारातल्या दराच्या वर लावलेली रक्कम. ती सोडून द्यायची, करारातल्या रुग्णालयाला ती रुग्णाकडे मागता येत नाही. PR 2 हा मात्र रुग्णाचा वाटा, तो त्याच्याच नावाने बिल करायचा. मॅपिंगमध्ये, म्हणजे फायलीतली माहिती आपल्या सिस्टिमच्या रकान्यांत बसवताना, या दोन्हींची अदलाबदल झाली तरी फाईल निर्दोषच दिसते, ९९९ सुद्धा स्वीकारल्याची येते. आणि रुग्णाच्या घरी १४० ऐवजी ३०० चं बिल जातं. तक्रार आल्यावरच ते उघडकीला येतं.

आता तुझ्या फायद्याची गोष्ट. ५६० आणि १४० मिळून ७०० होतात, म्हणजे विमा कंपनीने मान्य केलेला दर ७००. करारात तो ८०० असेल, तर CO 45 च्या आड १०० कमी मोजले गेलेत. हे फाईल बघून कळत नाही, करार उघडावा लागतो. आमची अनुभवी माणसंही ही पायरी गाळतात. तुम्ही भाड्याचं बिल दरकराराशी ताडून बघता ना? मग रेझ्युमेत ‘ईडीआय’च्या वर ते लिही, कुठल्या प्रकारचा फरक पकडलास त्यासकट.

आणि जाहिरातीतली कामाची यादी नीट वाच. पहिल्या ओळींत मॅपिंग, नवे पार्टनर जोडणं, फायलींवर देखरेख असेल तर अर्ज कर. नाकारलेल्या क्लेमची कारणं शोधणं सगळ्यात वर असेल, तर ३ वर्षांची अट त्यांनी मनापासून घातली आहे.

समीर:
वैशालीताई, खूप आभार. दरकराराशी ताडून बघणं रोजचंच, ते रेझ्युमेत घालावं हे सुचलंच नव्हतं. यादीत मॅपिंग पहिलं आहे, क्लेमची कारणं चौथ्या ओळीत. पण ऑनलाइन फॉर्ममध्ये थेट प्रश्न आहे, ‘हेल्थकेअरचा ३ वर्षांचा अनुभव आहे का?’ हो किंवा नाही. ‘नाही’ म्हटलं तर अर्ज तिथेच गळणार ना?

ओंकार:
‘हो’ टाक. एक्स-१२ चा अनुभव आहेच की.

वैशाली:
तसं करू नकोस, समीर. प्रश्न एक्स-१२ चा नाही, हेल्थकेअरचा आहे. पार्श्वभूमी तपासताना आधीच्या नोकऱ्या बघतात, मिळालेली ऑफरही मागे घेतली जाते. ‘नाही’ लिही आणि त्याच दिवशी त्या टीमच्या प्रमुखाला वेगळी मेल कर. वरच्या तीन ओळींवर तू काय करशील, चार वाक्यांत लिही.

ओंकार:
ताई, सिस्टिमनेच अर्ज बाद केला तर प्रमुख मेल उघडेल कशाला?

वैशाली:
काही उघडत नाहीत, खरं आहे. मी उघडते. समीर, मेलचा मसुदा आधी मला पाठव.