शीतली : थंड काय होतं, हवा की जीभ?

मेघना : प्राणायामाच्या वर्गासाठी एक माहितीपत्रक लिहितेय. शीतलीच्या परिच्छेदात आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलंय, 'जिभेच्या नळीतून थंड हवा फुफ्फुसांत घेणे म्हणजे शीतली.' वाचायला सोपं आहे, पण मला खटकतंय. शीतली म्हणजे थंड करणारी, की थंड हवेची? आणि जोडीने येणारं नाव 'शीतकारी' लिहायचं की 'सीत्कारी'? दोन्ही छापलेली दिसतात.

ओंकार : दोन्ही 'शीत'वरूनच आलेत. शीत करणारी ती शीतकारी. आणि वाक्यात चूक काहीच नाही. नाक हवा गरम करतं, तोंड करत नाही, त्यामुळे तोंडाने घेतलेली हवा थंडच्या थंड छातीत जाते. म्हणून तर उन्हाळ्यात शीतली सांगतात.

सदानंद : ओंकार, शीतलीपुरतं 'शीत' बरोबर आहे, सीत्कारीचं मात्र नाही. दातांमधून हवा ओढताना 'सीऽत्' असा आवाज येतो, तो सीत्कार. हठप्रदीपिका या योगग्रंथात आठ कुंभकांमध्ये, म्हणजे श्वास रोखण्याच्या प्रकारांमध्ये, दोन्ही शेजारी शेजारी येतात: एकाचं नाव आवाजावरून, दुसऱ्याचं परिणामावरून. 'शीतकारी' हे रूप नंतर कानाला अर्थपूर्ण वाटलं म्हणून रुळलं असावं. आज ते इतकं रुळलंय की मी कुणाला चूक म्हणणार नाही, पण पत्रकात 'सीत्कारी' लिहावं.

मेघनाताई, मूळ श्लोकात 'जिह्वया वायुमाकृष्य' एवढंच आहे. जिभेने वायू ओढावा, कुंभक करावा, मग नाकपुड्यांनी हळूहळू सोडावा. जीभ पन्हळीसारखी वळवायचं त्या शब्दांत नाही, ते परंपरेने आणि टीकाकारांनी स्पष्ट केलं. आणि वायू थंड असावा असंही तिथे नाही. 'शीतली' हे विशेषण कुंभिकेचं, म्हणजे त्या कुंभकाचं आहे, हवेचं नाही.

नंदिनी : माझं नाक रात्री नेहमी चोंदतं, तोंड उघडं ठेवून झोपते आणि सकाळी घसा कोरडा ठणठणीत असतो. म्हणजे माझी रात्रभर आपोआप शीतलीच होते का? फायदा तर काही दिसत नाही.

विजया : नाही हो नंदिनीताई. शीतलीत फक्त पूरक, म्हणजे श्वास घेणं, तोंडाने असतो; रेचक, म्हणजे श्वास सोडणं, नाकाने, आणि सगळं सावकाश, जागेपणी. तुम्ही आत-बाहेर दोन्ही तोंडाने करता, तेही तासन्‌तास. नाक का चोंदतं ते कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

मी श्वसनाच्या तपासण्यांचं काम करते, म्हणून ओंकारच्या मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहिते. नाकात दोन्ही बाजूंना पातळ हाडांचे वळसे असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेलं ओलं अस्तर. हवा अरुंद फटींतून जाते, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक थर ओल्या पृष्ठभागाला लागतो. घशाच्या मागच्या भागात पोचेपर्यंत ती बरीचशी ऊबदार, दमट आणि गाळलेली होते. तोंडाची पोकळी रुंद आहे. तिथे हवेचा मधला झोत कशालाच न लागता पुढे जातो आणि धूळ गाळणारं काही नसतं. पण म्हणून हवा 'थंडच्या थंड' छातीत जात नाही. उरलेलं काम घसा, श्वासनलिका आणि तिच्या पहिल्या फांद्या करतात. सावकाश श्वासात हवा वायुकोशांत पोचते तेव्हा ती ३७ अंशांची आणि वाफेने पूर्ण भरलेलीच असते, नाकाने घ्या की जिभेने. फरक एवढाच की तोंडाने घेतली तर खालच्या नळ्यांना जास्त राबावं लागतं. दम्याच्या रुग्णाला थंड कोरड्या हवेत तोंडाने श्वास घेऊन खोकला का येतो, ते इथे आहे.

ओंकार : मग थंड लागतं ते काय? जीभ खरंच गार पडते. ४२ अंशांच्या कोरड्या दुपारी करून पाहिलंय, तेव्हाही गार लागते.

विजया : तुझंच उदाहरण तुझ्या विरुद्ध जातं बघ! त्या दुपारी बाहेरची हवा तुझ्या अंगापेक्षा गरम होती, थंड हवा घ्यायला होतीच कुठे? जिभेवरचं पाणी वाफ होऊन गेलं आणि जाताना उष्णता घेऊन गेलं. हवा कोरडी असल्यामुळे ते जोरात झालं. तीच ३५ अंशांची पण पावसाळी दमट दुपार घे: हवेत आधीच वाफ भरलेली, पाणी उडणार कुठे? जीभ जेमतेम गार लागेल. श्वास आत घेऊन झाला की जीभ लगेच टाळूला लाव, टाळूला तो गारवा स्पष्ट कळतो.

मेघना : मग शरीराचं तापमान उतरतं असं लिहू नये?

विजया : हिशेब करून बघू. हवा ३५ अंश, आर्द्रता ४० टक्के. अशा एका लिटर हवेत साधारण १६ मिलिग्रॅम वाफ असते. फुफ्फुसांत ती ४४ होते, म्हणजे २८ मिलिग्रॅम पाणी शरीराने दिलं. लिटरभराचे सावकाश दहा श्वास घेतले तर २८० मिलिग्रॅम. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २४०० ज्यूल लागतात, तेव्हा झाले जवळपास ६७० ज्यूल. स्वस्थ बसलेलं शरीर सेकंदाला ८० ज्यूलच्या आसपास उष्णता तयार करतं. दहा श्वासांची ही कमाई आठेक सेकंदांच्या उष्णतेएवढी! आणि नाकाने घेतले तरी २८ मिलिग्रॅम द्यावेच लागतात. नाक फक्त श्वास सोडताना त्यातलं थोडं पाणी आणि ऊब परत मिळवतं, कारण आत येणाऱ्या हवेने त्याचं अस्तर गार झालेलं असतं. शीतलीत ते गार झालेलं नसतं, म्हणून नाकाने सोडलेला श्वास जरा जास्त ऊबदार आणि दमट जातो. म्हणजे पाणी किंचित जास्त खर्च होतं, पण ताप उतरवण्याइतकं मुळीच नाही.

सदानंद : विजयाताईंचा हिशेब मान्य. पण जिभेच्या गारव्याने, सावकाश श्वासाने माणसाला जे स्वस्थ वाटतं ते या ज्यूलमध्ये धरलेलं नाही. ग्रंथ ज्वर, पित्त, क्षुधा, तृषा जातात म्हणतो. ते जसंच्या तसं छापू नका, पण 'फक्त जीभ गार होते' इतकंही उरकू नका.

विजया : स्वस्थ वाटतं हे मलाही मान्य आहे. ते गारव्याने की लांबलेल्या श्वासाने, हे मात्र मी वेगळं करून सांगू शकत नाही.

मेघना : वर्गात काही जणांची जीभ वळतच नाही. त्यांच्यासाठी काय?

सदानंद : त्यांना सीत्कारी द्या. जबरदस्तीने कडा ओढायला लावू नका. दात संवेदनशील असतील तर सीत्कारीत झिणझिणतं, तेव्हा जीभ चपटी ठेवून ओठ अरुंद करून ओढावं. पूरक भरभर केला तर घशात खरखर येते. खरखर आली, खोकला आला, की समजावं ओढ जास्त झाली. हवा धुळीची किंवा गार असेल त्या दिवशी करूच नये, कारण गाळणी बाजूला ठेवलेली असते.

मेघना : वाक्य असं केलं: 'जिभेच्या पन्हळीतून सावकाश श्वास घेऊन नाकाने सोडणे. ओल्या जिभेवरून हवा जाताना जीभ व तोंड गार होते, म्हणून नाव शीतली.' आता अडलंय ते नाकाच्या कामाच्या शब्दावर. 'वातानुकूलन' म्हटलं की लोकांना यंत्र आठवतं.

सदानंद : 'हवेवर संस्कार' म्हणा.

विजया : माझ्या रुग्णांना ते पूजेतलं वाटेल. मी 'नाक हवा तयार करून देतं' असंच सांगते.

ओंकार : तयार करतं म्हटलं तर हवा नाकात बनते असं वाटेल! 'हवा ऊबदार, ओलसर आणि स्वच्छ करतं' असं लांबलचकच लिहा ना.