अडचण ऊर्जेची नाही, न्यूट्रॉनची आहे

“बीमची ऊर्जा अजून वाढवली तर स्थैर्याच्या बेटावर पोचता येणार नाही का?”

उलट त्या बेटापासून, म्हणजे अतिजड केंद्रकं तुलनेने जास्त टिकतील असं मानतात त्या टापूपासून, आणखी लांब जाऊ. इथे पुण्यात एमएस्सीच्या मुलांना मी फळ्यावर नुसती बेरीज करायला लावतो. बेटाचा मध्य ११४ प्रोटॉन आणि १८४ न्यूट्रॉनच्या आसपास मानतात. ११४ प्रोटॉनचं मूलद्रव्य फ्लेरोव्हियम बनवायला कॅल्शियम-४८ च्या बीमचा मारा प्लुटोनियम-२४४ वर करतात. प्रोटॉन २० अधिक ९४, बरोबर ११४. न्यूट्रॉन मात्र २८ अधिक १५०, म्हणजे १७८. सुरुवातच सहाने कमी! आणि कॅल्शियम-४८ हा मुळात न्यूट्रॉनने गच्च भरलेला, निसर्गात जेमतेम ०.२ टक्के सापडणारा महागडा समस्थानिक. साधं कॅल्शियम-४० घेतलं तर आणखी आठ गेले.

पुढे खरी गळती. दोन्ही केंद्रकांमधलं विद्युत प्रतिकर्षण मोडायला लागणारी ऊर्जा दोघं जुळून बनलेल्या जोडकेंद्रकाला तापवते. बहुतेक वेळा ते फुटतंच. क्वचित वाचलं तर तीन-चार न्यूट्रॉन फेकून थंड होतं. हाती उरतात १७४ किंवा १७५. ऊर्जा वाढवली की फुटणं वाढतं, गळतीही वाढते. तरीही फ्लेरोव्हियम-२८९ साधारण दोन सेकंद टिकतं, ते बेटाच्या अलीकडच्या उथळ पाण्यात असूनही.