उत्तर: शुगर-फ्रीचा चहा आणि वाढलेली साखर

> "आई चहात सुक्रालोजची पुडी घालते, तरी तासाभराने साखर चाळीसने वर. पुडीचाच दोष ना?"

पुडीवर लगेच खापर फोडू नका. सुक्रालोज साखरेच्या सुमारे 600 पट गोड, त्यामुळे पुडीत ते नखभरच असतं. बाकीची पूड म्हणजे बहुधा डेक्स्ट्रोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे कर्बोदकच, पण जेमतेम एक ग्रॅम. आता कप बघा. आपल्याकडच्या दाट चहात 100 मिली दूध गेलं तर पाचेक ग्रॅम दुग्धशर्करा आली, आणि सोबतच्या दोन मारी बिस्किटांची आणखी आठेक ग्रॅम. (लोकलमधून उतरून आईने वडापाव खाल्ला नव्हता ना, हेही विचारा!) एके सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्यात पुडी घालून द्या आणि आधी व तासाभराने मोजा. पाचदहाचा फरक धरू नका, ग्लुकोमीटर तेवढा चुकतोच.

सुक्रालोज, ॲस्पार्टेम, सॅकरिन अशी कृत्रिम गोडवा देणारी द्रव्यं आतड्यातल्या जिवाणूंमार्फत साखरेवर परिणाम करतात का, हा प्रश्न मात्र वेगळा. ॲस्पार्टेम लहान आतड्यातच तुटतं, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंपर्यंत जवळपास पोचतच नाही. सुक्रालोजचा बराचसा भाग न शोषता तिथवर जातो. 2022 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने 120 निरोगी प्रौढांवर केलेल्या प्रयोगात सॅकरिन आणि सुक्रालोज दोन आठवडे घेणाऱ्यांची ग्लुकोज पचवण्याची क्षमता घटली, ॲस्पार्टेमवाल्यांची नाही. पण परिणाम माणसागणिक बदलत होता आणि त्यात मधुमेही नव्हते. त्यामुळे आईंना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. मी आधी बिस्किटं थांबवीन.