मदत हवी आहे: गाडी शिकतेय, धोका आधी कसा ओळखायचा?

नवशिकी_दारव्हा
शिकाऊ लायसन्स आहे. गिअर, क्लच जमतं. आमचं गाव दारव्ह्याच्या बाजूला, रस्ता दोन पदरी, फाट्याफाट्यावर एसटी थांबते. दीर शेजारी बसून "ब्रेक!" म्हणतात तेव्हा मला रस्ता मोकळाच दिसत असतो. दोन-तीन सेकंदांनी खरंच कुणीतरी आडवं येतं. त्यांना विचारलं तर म्हणतात, "सवयीनं कळतं." पण ते बघतात तरी काय? विशेषतः समोर एसटी थांबली असताना.

पोट्टा_वर्धेचा
ताई, काऊन एवढा विचार करता? एसटी थांबली का जोरात हॉर्न द्याचा अन् ती हलायच्या आत निंघून जाचं. हॉर्न ऐकला का मानूस थांबतेच.

निवृत्त_चालक
हॉर्न द्या, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. म्हातारी माणसं, कानात वायर घातलेली पोरं ऐकत नाहीत. काही जण तर हॉर्न ऐकून धावतच सुटतात.

ताई, मी एसटी चालवायचो, त्यामुळे आतून सांगतो. दरवाजा डावीकडे. उतरलेल्या माणसाला पलीकडे जायचं असेल तर तो बसच्या पुढून किंवा मागून येतो. पुढून येणारा जास्त घातक, कारण बसच्या उजव्या कडेबाहेर येईपर्यंत तो तुम्हाला दिसतच नाही.

आता हिशोब बघा. ताशी ५० ला गाडी सेकंदाला साधारण १४ मीटर जाते. माणूस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, मग थांबायला कोरड्या रस्त्यावर आणखी पंधराएक मीटर. म्हणजे ३० ते ३५ मीटर. बस जवळपास ११ मीटर लांब. तुम्ही तिच्या शेपटीजवळ असताना कुणी पुढून निघाला, तर ब्रेक कितीही चांगला असो, गाडी थांबत नाही. ताशी १५ ला तेच सहा-सात मीटरमध्ये उभी राहते.

म्हणून सूचना आधी शोधायची. फाट्यावर बसलेली माणसं उठून पिशव्या उचलायला लागली की बस थांबणार, तिचा लाल दिवा लागायच्या आधीच कळतं. बस उभी असेल तर लांबूनच तिच्या खालून बघा. पाय दिसतात. पाय पुढच्या चाकाकडे सरकत असतील तर माणूस पुढून येणार. जवळ गेल्यावर खालचं दिसत नाही, त्यामुळे हे काम ४०-५० मीटरवरच उरकायचं. रात्री बसच्या हेडलाइटचा उजेड मध्येच तुटला तर समजा, कुणीतरी समोरून चाललंय.

नवशिकी_दारव्हा
पायांचं मला कुणीच सांगितलं नव्हतं! पण काका, बस समोरून येऊन पलीकडच्या बाजूला थांबली तर? तेव्हा तर माझा रस्ता मोकळाच असतो ना?

निवृत्त_चालक
तिथेच लोक फसतात. तिचा दरवाजा तुमच्यापासून लांबच्या बाजूला. माणसं उतरून बसच्या मागून थेट तुमच्या पट्ट्यात येतात. बसचं तोंड ओलांडलं म्हणून वेग वाढवू नका, शेपटी जाईपर्यंत धीर धरा. आणि डावीकडे, म्हणजे तुमच्या बाजूला, कुणी बसकडे हात करून धावतंय का तेही बघा.

कापूसवाला
माझं वेगळंच. मी मोटारसायकलवर. बाजारात उभ्या काळीपिवळीचं दार धाडकन उघडलं, हँडलच वाकलं. चूक दारवाल्याची ना? नुकसानभरपाई मागता येईल का?

निवृत्त_चालक
भरपाईचं वकिलाला विचारा. दाराचं म्हणाल, तर गाडी नुकतीच थांबली असेल, ब्रेकचा दिवा आत्ताच विझला असेल, काचेतून डोकं हलताना दिसत असेल, तर दार उघडणारच असं धरून चाला. दाराच्या रुंदीएवढं अंतर ठेवा. समोरून ट्रक आला म्हणून तेवढं मिळत नसेल तर वेग कमी करा, चिकटून जाऊ नका.

आजोबा_यवतमाळ
भाचा इंग्लंडात आहे. तिकडे २००२ पासून लायसन्सच्या परीक्षेत हेच विचारतात म्हणे. व्हिडिओ दाखवतात, धोका आकार घेताना दिसला की बटण दाबायचं. जितकं लवकर दाबाल तितके गुण जास्त, एका धोक्याला जास्तीत जास्त ५. आमच्या नातवाला मी तसंच शिकवतो. तो गाडी चालवत नाही, शेजारी बसून मोठ्यानं बोलतो: "चेंडू आला, मागे पोरगं येईल", "एक शेळी गेली, उरलेल्या अलीकडेच आहेत". ताई, तुम्हीही दीर चालवताना हे करून बघा. ते म्हणायच्या आत तुम्ही म्हणताय का, ते बघायचं.

पोट्टा_वर्धेचा
शेळीचं खरं आहे बाप्पा. पन एवढं हळू गेलं तर मागचा ट्रक थोडीच ऐकते? तो आपल्यावरच चढते.

निवृत्त_चालक
म्हणूनच एकदम ब्रेक मारायचा नाही. लांबूनच ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेक हलका दाबा, मागे दिवा लागतो. तरीही मागचा अगदी चिकटून असेल तर ओव्हरटेक न करता बसच्याच मागे थांबावं असं माझं मत. आमच्यातलेच बरेच चालक हे मानत नाहीत.

नवशिकी_दारव्हा
रविवारी दिग्रसला जाताना दीर चालवतील, मी बोलेन. एक राहिलंच: बस फाट्याच्या अगदी वळणावर थांबली तर खालचे पायही दिसत नाहीत आणि समोरचंही दिसत नाही. तिथे मागेच थांबायचं, की कुणी वेगळं काही करतं?