शब्दचर्चा: मुलाखतीच्या गोषवाऱ्यात ‘म्हणे’चं काय करायचं?

दुसरी_पाळी
आमच्या वाचनालयाच्या संग्रहासाठी गिरणी कामगारांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींचे गोषवारे लिहितेय. दीड तासाचं बोलणं दोन पानांत बसवायचं आहे. बोलणाऱ्याचे शब्द अवतरणात कधी ठेवायचे आणि आपल्या शब्दांत कधी सांगायचं, इथे गाडी अडते. सध्या साताऱ्याकडचे एक आजोबा आहेत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. त्यांच्या तीन जागा देते.

१. “संप आमचा दिवाळीपास्नंच चालू झालता. बोनसवर बिनसलं तवाच मी साच्यावरनं हात काडला.”

२. “आमच्या खात्यातला जॉबर, त्यानं म्हणे मालकाकडनं पैसं घ्येतलं आन् माणसं आत सोडली.” (जॉबर म्हणजे खात्यातल्या कामगारांवरचा मुकादम. त्याचं नावही घेतलंय, इथे देत नाही.)

३. प्रश्न : संप संपला तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं का? उत्तर : “हां, तसंच म्हना. पण संप संपला कुटं? मागं घ्येतलाच न्हाई.”

अनुस्वार
छापील मराठीत दुहेरी अवतरणचिन्ह बोलण्यासाठी आणि एकेरी शब्दावर जोर द्यायला, असा साधारण संकेत आहे. अवतरणात अवतरण आलं तर आतलं एकेरी.

दुसरी_पाळी
धन्यवाद काका, पण प्रश्न चिन्हांचा नव्हता.

सरळ_बोल
एवढा विचार कशाला? सगळं अवतरणात टाका. अवतरणचिन्ह दिलं की जबाबदारी बोलणाऱ्याची, आपण फक्त पोचवणारे.

टाचण
शब्दांची जबाबदारी बोलणाऱ्याची, इतपत खरं आहे. छापण्याची आपलीच. मानहानीच्या कलमात (जुनं ४९९, आता भारतीय न्याय संहितेचं ३५६) आरोप करणारा आणि तो प्रसिद्ध करणारा, दोघेही येतात. चिन्हांनी सुटका होत नाही.

आता तीन जागा. पहिली अवतरणातच हवी. मोठा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे गोषवारा लिहिणाऱ्याचा हात ‘दिवाळी’ खोडून ‘जानेवारी’ करायला शिवशिवतो. पण आजोबा चुकलेले नाहीत. बोनसवरून काही गिरण्यांतलं काम ऑक्टोबर १९८१ मध्येच थांबलं होतं. त्यांच्या लेखी संप तिथून सुरू होतो, आणि मुलाखतीतली नवी माहिती नेमकी तीच आहे. तुम्ही आपल्या शब्दांत ‘संप दिवाळीत सुरू झाला’ लिहिलंत तर ते तुमचं विधान होतं आणि चूक ठरतं. ‘जानेवारीत’ लिहिलंत तर आजोबांचं म्हणणंच पुसलं जातं. म्हणून त्यांचे शब्द अवतरणात ठेवा आणि पुढच्या वाक्यात १८ जानेवारीची तारीख तुमच्या आवाजात द्या.

दुसऱ्या जागेत सगळा भार ‘म्हणे’वर आहे. आजोबांनी पैसे घेताना पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे, आणि ते प्रामाणिकपणे तसं सांगतायत. गोषवाऱ्यात ‘जॉबरने पैसे घेतल्याचे त्यांनी सांगितले’ असं झालं की ‘म्हणे’ गळतं आणि चाळीतली कुजबुज साक्ष होऊन बसते. ही चूक मी फार गोषवाऱ्यांत पाहिली आहे, कारण लिहिणाऱ्याला ‘म्हणे’ म्हणजे बोलण्यातला भरतीचा शब्द वाटतो. इथे आपल्या शब्दांत, नाव गाळून लिहावं : ‘खात्यातल्या एका जॉबरने मालकाकडून पैसे घेऊन माणसं आत सोडली, अशी तेव्हा बोलवा होती, असं ते सांगतात.’

सरळ_बोल
जॉबर हयात नसेल तर?

टाचण
घरच्यांना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप मृत व्यक्तीबद्दलही त्या कलमात बसू शकतो. तुमचा हेतू तसा नाही हे उघड आहे, पण दोन पानांच्या गोषवाऱ्याला त्या नावाची गरजही नाही. मूळ ध्वनिमुद्रणात नाव आहेच, ते कुणाला ऐकू द्यायचं हे संग्रहाने वेगळं ठरवावं.

शिरस्तेदार
मी कोर्टात होतो, तिथला अनुभव सांगतो. उलटतपासणीत वकील विचारतात, “तुम्ही त्या दिवशी घरी नव्हता, बरोबर?” साक्षीदार म्हणतो, “नाही.” कागदावर उतरतं, ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी घरी नव्हतो.’ सगळी जबानी प्रथमपुरुषी आणि साक्षीदाराची सही खाली. पण वाक्य वकिलाचं, साक्षीदाराचा त्यात फक्त नकार. पक्षकार बाहेर येऊन म्हणायचे, साहेब, मी असं बोललोच नाही! चूक कुणाचीच नसायची, लिहायची पद्धतच तशी.

दुसरी_पाळी
शिरस्तेदारकाका, माझी तिसरी जागा हीच झाली की! ‘फसवणूक’ हा शब्द मुलाखत घेणाऱ्याचा आहे. मी कच्च्या गोषवाऱ्यात “आमची फसवणूक झाली” असं अवतरणात टाकणार होते.

टाचण
मग ते काढा. ‘हां’चं अवतरण होत नाही. ‘फसवणूक झाल्यासारखं वाटलं का, या प्रश्नाला त्यांनी होकार दिला’ इतकंच लिहा. त्यातही “तसंच म्हना” हा होकार ढिला आहे, म्हणून ‘काहीसा होकार’ म्हटलंत तरी चालेल. मात्र त्यानंतरचं “संप संपला कुटं? मागं घ्येतलाच न्हाई” हे कुणी विचारलेलं नाही, आपणहून आलंय. शिवाय तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नव्हता. हे वाक्य अवतरणात आलंच पाहिजे, आणि शेजारी ध्वनिमुद्रणातला मिनिट-सेकंद, म्हणजे शंका आली तर वाचणाऱ्याला ऐकता येईल. अवतरण टिपणावरून लिहू नका, ती जागा पुन्हा ऐका. पंख्याच्या आवाजात एखादा शब्द नीट लागत नसेल तर तेवढा भाग आपल्या शब्दांतच बरा.

कृदंत
व्याकरणाचं एक. मराठीत अवतरणचिन्ह नसलं तरी वाक्य अवतरणासारखं वाचलं जातं. ‘ते म्हणाले की मी साच्यावरून हात काढला’ यात ‘मी’ तसाच राहतो, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं हे त्यांचेच शब्द. प्रत्यक्षात ‘साच्यावरनं’ आणि ‘काडला’ दोन्ही इथे बदललेत. आपल्या शब्दांत सांगायचं तर ‘साच्यावरून हात काढल्याचं त्यांनी सांगितलं’ अशी रचना घ्या. ‘-ल्याचं’ रुक्ष आहे, वर्तमानपत्री वास येतो, पण कुणाचा आवाज आहे याचा घोळ राहत नाही.

दुसरी_पाळी
आजोबा एके ठिकाणी म्हणतात, “संघाची माणसं चाळीत फिरायची.” हे?

टाचण
गिरणीच्या संदर्भात तो राष्ट्रीय मिल मजदूर संघ असणार, पण आजचा वाचक भलताच संघ समजेल. आधीचं-नंतरचं ऐकून खात्री झाली तर पूर्ण नाव घालून आपल्या शब्दांत लिहा. खात्री नसेल तर मात्र उलट, “संघाची माणसं” अवतरणातच राहू दे, नाहीतर अर्थ तुम्ही ठरवल्यासारखा होईल.

अनुस्वार
माझा आक्षेप वेगळाच आहे. अवतरणात ‘व्हतं’, ‘काडला’, ‘घ्येतलं’ असं लिहिणं म्हणजे शुद्धलेखनाची ऐशीतैशी. गोषवारा प्रमाण भाषेत आहे, अवतरणही प्रमाण करावं.

टाचण
मग ते अवतरण राहिलं का?

शेवगा
अनुस्वारकाकांचा मुद्दा असा उडवू नका. माझे वडील गिरणीत होते. त्यांची मुलाखत छापली तेव्हा त्यांचं ‘न्हाई’ तसंच ठेवलं, आणि मुलाखत घेणारे प्राध्यापक स्वतः ‘नाय’ म्हणत होते तिथे छापलं ‘नाही’. वडील अडाणी दिसले. उच्चार ठेवायचे तर दोघांचे ठेवा.

कृदंत
शब्द आणि वाक्याची ठेवण राखून नुसते उच्चार सारखे करता येतील. ‘संप संपला कुठं? मागं घेतलाच नाही’ यात काय गमावलं?

टाचण
‘कुटं’ गमावलं. पण शेवगाताईंचं पटतं. मी अजून एका बाजूला नाही.

दुसरी_पाळी
पुढच्या आठवड्यात आजोबांना दोन्ही प्रकारे लिहिलेलं वाचून दाखवणार आहे. जॉबरच्या नावाबद्दलही तेव्हाच विचारेन.